राउंड रॉबिनचा एकच प्रश्न, तीन गँट चार्ट: ४.२५, ४.५ की ३.७५?

खारघरची पोर

नमस्कार मंडळी. इंजिनिअरिंगच्या चौथ्या सेमिस्टरला आम्हाला ओएस आहे आणि परवा त्याची युनिट टेस्ट झाली. दहा मार्कांना हा प्रश्न होता:

```
Process   Arrival   Burst
P1        0         5
P2        1         3
P3        2         1
P4        4         2
Round Robin, quantum = 2
```

गँट चार्ट काढा, सरासरी वेटिंग टाइम आणि सरासरी टर्नअराउंड टाइम काढा. यापलीकडे प्रश्नात एक शब्द नाही.

पेपर सुटल्यावर पनवेल गाडीत आम्ही तिघी उत्तरं जुळवत बसलो आणि तीन जणींची तीन निघाली. टर्नअराउंड अनुक्रमे ७, ७.२५ आणि ६.५, वेटिंग ४.२५, ४.५ आणि ३.७५. सूत्रं तिघींनी तीच वापरली आहेत, बेरजा दोनदा तपासल्या आहेत आणि तिन्ही चार्ट ११ लाच संपतात. म्हणजे फरक फक्त चार्टच्या पोटात आहे.

माझा:
```
| P1 | P2 | P3 | P1 | P4 | P2 | P1 |
0    2    4    5    7    9    10   11
```
मैत्रीण क्र. १:
```
| P1 | P2 | P1 | P3 | P2 | P4 | P1 |
0    2    4    6    7    8    10   11
```
मैत्रीण क्र. २:
```
| P1 | P2 | P3 | P4 | P1 | P2 | P1 |
0    2    4    5    7    9    10   11
```

सर म्हणतात, पेपर तपासून झाले की बोलू. तोवर जीव टांगणीला. कोणाचं बरोबर?

घोडबंदर

गँट चार्ट वाचून उड्या मारत आलो. वीस-एक वर्षं बांधकामात आहे, सकाळ-संध्याकाळ एमएस प्रोजेक्टच्या पट्ट्याच बघतो. पण हे काय आहे? आमच्याकडे पाइलिंगची पट्टी वेगळ्या ओळीत, पाइल कॅपची वेगळ्या ओळीत. तुमच्याकडे सगळे एकाच ओळीत कोंबलेत. आणि P1 चं पाच दिवसांचं काम दोन दिवसांत अर्धवट टाकून गडी कुठे पळतो? आमच्याकडे असं केलं तर कंत्राटदाराचं बिल अडकतं.

नौपाडा मास्तर

घोडबंदर काका, चार्ट त्याच हेन्री गँटच्या नावाचा, पहिल्या महायुद्धाच्या आसपासचा. इथे काम करणारा गडी एकच आहे, तो म्हणजे सीपीयू, म्हणून ओळ एकच पुरते. आणि अर्धवट टाकणं हाच राउंड रॉबिनचा नियम आहे: दोन युनिट झाली की उतरायचं, दुसऱ्याला द्यायचं. तुमच्या पद्धतीने प्रत्येक प्रोसेसला वेगळी ओळ देऊन कच्चं काम केलं तर ते वाईट नाही हं. आली कधी, थांबली कुठे, चालली कुठे, सगळं उघडं दिसतं. फक्त उत्तरपत्रिकेत एका ओळीचाच काढायचा.

मूळ प्रश्नावर रात्री लिहितो, आत्ता बॅच आहे.

ऐरोली नाइटशिफ्ट

तिघींचंही चुकलंय. वेटिंग म्हणजे प्रोसेस आल्यापासून तिला सीपीयू मिळेपर्यंतचा वेळ. तुमच्याच चार्टवरून बघा: P1 ला लगेच मिळाला, ०. P2 आली १ ला, मिळाला २ ला, म्हणजे १. P3 चे २, P4 आली ४ ला आणि लागली ७ ला, म्हणजे ३. बेरीज ६, भागिले ४, उत्तर १.५. विषय संपला.

आणि तसंही हे सगळं परीक्षेपुरतंच. लिनक्समध्ये असली रांगबिंग काही नसते. आधी सीएफएस होता, ६.६ कर्नलपासून ईईव्हीडीएफ आला. क्वांटम २ वगैरे कोणी वापरत नाही.

कळवा स्लो

नाइटशिफ्ट दादा, १.५ हा रिस्पॉन्स टाइम झाला. P2 ला एकदा दोन युनिट मिळाली, मग ती परत रांगेत जाऊन बसली ना? त्या दुसऱ्या बसण्याचे पैसे कोण देणार? एफसीएफएसमध्ये प्रोसेस एकदाच चढते आणि संपूनच उतरते, म्हणून तिथे तुमची रीत चालते. इथे नाही.

बाकी माझं मत मैत्रीण क्र. १ ला, म्हणजे ४.५. २ ला P1 चा क्वांटम संपतो आणि त्याच क्षणी P3 येते. P1 आधीपासून सिस्टीममध्ये आहे, जुनी आहे, मान तिचा. नवीन पाहुणा मागे उभा राहील. आमच्या कॉलेजात असंच शिकवलंय, आणि तेच बरोबर.

ऐरोली नाइटशिफ्ट

जिथे माझी रीत चालते तिथे चालते म्हणता, म्हणजे रीत चूक नाही. प्रश्नातच राउंड रॉबिन आहे हे मान्य. पण रिस्पॉन्स टाइम युजरला जाणवतो, तुमचं ते वेटिंग कोणाला जाणवतं?

नौपाडा मास्तर

बॅच सुटली. आता सावकाश.

आधी ३.७५ चा निकाल लावू, कारण त्यात वाद नाही. तो चार्ट P1, P2, P3, P4 असा क्रमांकाने फिरलाय, हजेरीपटासारखा. दर वर्षी निम्मी बॅच हेच करते, आणि त्याला कारण आहे. पुस्तकातल्या पहिल्या उदाहरणांत सगळ्या प्रोसेस ० लाच आलेल्या असतात. तिथे रांगेचा क्रम आणि क्रमांकाचा क्रम एकच असतो, त्यामुळे चुकीची सवय असूनही उत्तर बरोबर येतं. अरायव्हल वेगवेगळे झाले की ती सवय उघडी पडते. इथे P1 २ ला उतरून रांगेत उभी राहिली. P4 जन्मालाच ४ ला आली. तरी त्या चार्टमध्ये ५ ला P4 चालते आणि P1 तिच्या मागून ७ ला. दोन युनिट आधीपासून उभ्या असलेल्या प्रोसेसच्या पुढे नवीन प्रोसेस घुसली. टाय कशीही सोडवा, असं होऊच शकत नाही.

तेव्हा चार्ट काढताना नजर चार्टवर नको, रांगेवर हवी. मी मुलांना सांगतो, उजवीकडे कच्च्या कामात प्रत्येक कापावर रांग लिहा. डावीकडची पहिली प्रोसेस आता चढणार, बाकीच्या मागे उभ्या. खारघरच्या चार्टची रांग अशी:

```
t=0    P1
t=2    P2 P3 P1
t=4    P3 P1 P4 P2
t=5    P1 P4 P2
t=7    P4 P2 P1
t=9    P2 P1
t=10   P1
```

२ ला काय झालं ते बघा. P2 १ ला येऊन उभी होतीच. २ ला P3 आली आणि P1 उतरली. या चार्टने P3 ला आधी उभं केलं, P1 ला तिच्या मागे. ४ ला पुन्हा तोच प्रसंग: P4 आली, P2 उतरली, नवीन आधी. दोन्ही वेळा नियम एकच ठेवलाय, म्हणून चार्ट आतून सुसंगत आहे. ५ चा काप कशामुळे? P3 ला एकच युनिट हवं होतं. ती संपली की क्वांटम शिल्लक असला तरी सीपीयू ताबडतोब पुढच्याला मिळतो. तिथे ६ पर्यंत डबा ओढणारेही भेटतात, त्यांचा चार्ट ११ च्या पुढे जातो. सगळे बर्स्ट मिळून ११ आहेत आणि सीपीयू मध्ये कुठे रिकामा बसत नाही, म्हणून ११ च्या पुढे गेलेला चार्ट बघताक्षणी खोडावा.

मैत्रीण क्र. १ ने दोन्ही टायमध्ये उतरलेल्या प्रोसेसला आधी उभं केलं. २ ला तिची रांग P2 P1 P3, आणि ४ ला P1 P3 P2 P4. तीही सुसंगत. म्हणजे ४.२५ आणि ४.५ दोन्ही चार्ट आपापल्या नियमाने बरोबर आहेत आणि प्रश्नाने नियम दिलेलाच नाही.

कळवेकर, तुमचा ‘जुन्याचा मान’ ऐकायला बरा वाटतो, पण रांगेला जुनं-नवं कळत नाही, कोण आधी येऊन उभं राहिलं एवढंच कळतं. सोसायटीच्या क्लबातल्या टेबल टेनिसचं घ्या. गेम संपवून एक जण टेबलावरून निघाला आणि त्याच क्षणी दुसरा दारातून आत आला. दोघे रांगेच्या शेपटाशी एकदम पोचले. ‘मी तासभर इथेच आहे’ म्हटल्याने आधी नंबर लागत नाही. उलट तू आत्ताच खेळलास, असंच कोणी म्हणेल. पण तो शिष्टाचार झाला. राउंड रॉबिनची व्याख्या या क्षणाबद्दल गप्प आहे. बहुतेक सोडवलेल्या प्रश्नांत नवीन आधी धरलेलं मला दिसतं, मीही तेच शिकवतो. पण तेच एकमेव बरोबर, असं मी बोर्डावर लिहिणार नाही.

खारघरची पोर

मास्तर, रांगेची कल्पना पटली. एक विचारू? दोन्ही चार्टमध्ये काम तेवढंच, सीपीयूही एक क्षण रिकामा नाही. मग वेटिंगमध्ये फरक पडतो तरी का? ते पाव युनिट कुठून आलं?

नौपाडा मास्तर

हा प्रश्न परीक्षेत यायला हवा होता.

चारची सरासरी पाव युनिटाने वाढली, म्हणजे एकूण वेटिंग बरोबर १ ने वाढलं: १७ चं १८. हे १७ दुसऱ्या वाटेने मोजू. प्रत्येक प्रोसेस वेगळी न घेता, दर युनिटाला रांगेत किती जण उभे होते तेवढं लिहायचं. खारघरच्या चार्टमध्ये पहिल्या युनिटात कोणी नाही. १ ते २ मध्ये P2, म्हणजे १. २ ते ४ मध्ये P3 आणि P1, दोघी दोन युनिट, म्हणजे ४. ४ ते ५ मध्ये P1, P4, P2, म्हणजे ३. ५ ते ७ मध्ये दोघी, ४. ७ ते ९ मध्ये दोघी, ४. ९ ते १० मध्ये एकटी P1. बेरीज १७.

आता मैत्रिणीच्या चार्टवर तेच करा. ४ पर्यंत सगळं सारखं. ४ ते ५ मध्येही तीनच उभ्या. फरक पुढच्या एका युनिटात आहे, ५ ते ६. तुझ्या चार्टमध्ये तोवर P3 आपलं एक युनिटाचं काम आटपून घरी गेलेली, रांगेत दोघीच. तिच्या चार्टमध्ये P1 अजून चालतेय आणि P3 ताटकळतेय, म्हणून तिघी. तेच ते एक युनिट. ६ नंतर दर युनिटाला दोन्ही चार्टमध्ये उभ्या असलेल्यांची संख्या जुळते का, ते स्वतः ताडून बघ.

हा मार्ग पडताळणीसाठी फार कामाचा आहे. सूत्राने आलेली बेरीज आणि रांग मोजून आलेली बेरीज जुळली नाही, तर चार्ट आणि टेबल यांपैकी कुठेतरी आकडा हुकलाय. सरासरी काढायच्या आधी, बेरजेवरच जुळवायचं. दोन मिनिटांचं काम.

कळवा स्लो

६ ते ७ मध्ये जुळत नाही मास्तर. मैत्रिणीच्या चार्टमध्ये P3 चालतेय आणि P2, P4, P1 उभ्या, म्हणजे तीन. खारघरच्यात दोन. मग फरक २ व्हायला हवा.

खारघरची पोर

मी आत्ताच पूर्ण मोजलं. ७ ते ८ मध्ये तिच्याकडे P4 आणि P1, दोन, माझ्याकडेही दोन. पण ८ ते ९ मध्ये तिच्याकडे P1 एकटी उभी, माझ्याकडे P2 आणि P1 दोघी. तिथे एक परत मिळतो. म्हणजे दोन चढले, एक उतरला, निव्वळ १. तिची P2 ८ लाच संपते ना, माझी १० ला.

नौपाडा मास्तर

बरोबर, असाच हिशोब आहे, ५ ते ६ वर थांबून मी घाई केली. कळवेकरांनी पकडलं ते छान झालं. यातून आणखी एक दिसतं: नवीन आधी धरलं की सरासरी नेहमी कमीच येते असा नियम नाही. इथे P3 इवलीशी होती म्हणून तिला आधी सोडणं फायद्याचं ठरलं, पण त्या बदल्यात P2 चं नुकसान झालंच: वेटिंग ४ चं ६.

तुर्भे डेपो

मला थोडं वेगळं विचारायचंय. प्रायॉरिटीचा एक प्रश्न सोडवतोय. P1 चं अरायव्हल ३, बर्स्ट ४, आणि तीच सगळ्यात आधी येते. मी चार्ट ० पासून सुरू केला, P1 ४ ला संपली. टर्नअराउंड ४ वजा ३ म्हणजे १, वेटिंग १ वजा ४ म्हणजे −३. वेटिंग मायनसमध्ये येऊ शकतं का? आणि प्रायॉरिटी १ म्हणजे मोठी की छोटी?

बेलापूर सिस्टीम्स

मायनस वेटिंग म्हणजे प्रोसेस यायच्या आधीच ती चालली. ० ते ३ एक रिकामा डबा काढ, त्यावर आडव्या रेघा मार किंवा ‘आयडल’ लिही, आणि P1 ३ ते ७ अशी बसव. टर्नअराउंड ४, वेटिंग ०. चार्टचा शेवट तपासताना मग बर्स्टच्या बेरजेत हे तीन मिळवायचे.

प्रायॉरिटीचं प्रश्नात लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर तोही मास्तरांच्या टायसारखाच प्रकार.

नाइटशिफ्ट, तुमच्या लिनक्सवाल्या मुद्द्याबद्दल. साध्या प्रोसेसना ईईव्हीडीएफ लागतो हे खरं. पण राउंड रॉबिन कर्नलमध्ये जिवंत आहे, `SCHED_RR` या नावाने, रिअलटाइम कामांसाठी. क्वांटमही असतो. तुमच्या मशिनवर बघा:

```
cat /proc/sys/kernel/sched_rr_timeslice_ms
```

कोणी बदललेला नसेल तर १०० येईल, म्हणजे १०० मिलिसेकंद. स्लाइस संपली की प्रोसेस आपल्या प्रायॉरिटीच्या रांगेच्या शेपटाला जाते, अगदी वर लिहिलंय तसंच.

आणि ‘वेटिंग कोणाला जाणवतं’ याचं उत्तर कर्नल स्वतः देतो:

```
cat /proc/self/schedstat
```

तीन आकडे येतात. पहिला सीपीयूवर घालवलेला वेळ, दुसरा रांगेत उभं राहून घालवलेला वेळ, दोन्ही नॅनोसेकंदांत. तिसरा म्हणजे किती वेळा स्लाइस मिळाली. तो दुसरा आकडा म्हणजेच या मुलीच्या पेपरातला वेटिंग टाइम. दर वेळी रांगेत उभं राहिलं की त्यात भर पडते, पहिल्या वेळेपुरतं नाही. सर्व्हर मंद झाल्याची तक्रार आली की मी आधी हाच आकडा वाढतोय का ते पाहते. डिस्क किंवा नेटवर्कची वाट बघत झोपलेला वेळ त्यात नसतो. परीक्षेतही तसंच आहे: प्रश्नात आयओ दिला असेल तर टर्नअराउंडमधून तोही वेगळा काढावा लागतो.

ऐरोली नाइटशिफ्ट

चालवून बघितलं, १०० आलं. `SCHED_RR` आहे हे माहीत होतं, पण आमच्या प्रॉडक्शनला ते कोणी लावत नाही म्हणून बोललो. दुसरा आकडा इंटरेस्टिंग आहे.

बरं, मग तुमच्या कर्नलमध्ये ही टाय कशी सुटते? २ ला दोन्ही एकदम झालं तर?

बेलापूर सिस्टीम्स

एका कोअरच्या रांगेसाठी ‘एकदम’ असं काही उरतच नाही. टायमरचा इंटरप्ट आणि नवीन प्रोसेस जागी करणारी घटना, दोन्हींना त्या रांगेचं एकच लॉक घ्यावं लागतं. ज्याला आधी मिळालं त्याचं आधी. टाय कागदावरच असते, कारण कागदावर वेळ पूर्णांकात मोजतात.

वाशीहून गेट

माझी अडचण कोणी बघेल का? गेटची तयारी करतेय. युनिव्हर्सिटीच्या पेपरात ‘असम्प्शन’ म्हणून ओळ लिहिता येते. गेटला असे प्रश्न बरेचदा न्यूमरिकल आन्सर प्रकारचे असतात, स्क्रीनवर फक्त आकडा टाइप करायचा. तिथे ४.२५ आणि ४.५ दोन्ही कसे चालणार?

नौपाडा मास्तर

तिथे प्रश्न काढणाऱ्याची जबाबदारी जास्त. टाय येणार असेल तर तो नियम लिहून देतो, नाहीतर आकडेच असे निवडतो की टाय होतच नाही. सगळ्या प्रोसेस पहिला क्वांटम संपायच्या आत आणून ठेवायच्या, किंवा कुणाचं येणं कापावर पडणार नाही असं बघायचं. म्हणून अशा पेपरात तुझ्या चार्टमध्ये टाय आली तर आधी प्रश्न पुन्हा वाच. बहुतेक वेळा एक वाक्य नजरेतून सुटलेलं असतं, किंवा आधीच्या एखाद्या कापावर हुकलेलं असतं. दोन्ही नसेल तर दोन्ही नियमांनी सोडव. कधीकधी सरासरी तीच येते, मग वादच नको. वेगळी आली तर नवीन आधी धरून टाक. त्या प्रकारात निगेटिव्ह मार्किंग नसतं, रिकामं सोडू नकोस.

कळवा स्लो

आणि आमच्या कॉलेजवाल्यांनी काय करायचं? आम्हाला उतरलेली आधी असंच शिकवलंय, मॉडेल आन्सरही त्याच पद्धतीने असणार.

नौपाडा मास्तर

कॉलेजच्या टेस्टला कॉलेजची पद्धत. युनिव्हर्सिटीचा पेपर तपासणारा दुसऱ्या कॉलेजचा असू शकतो, म्हणून तिथे चार्टच्या वर एक ओळ: ‘एकाच वेळी आल्यास नवीन प्रोसेस आधी’, किंवा उलट. ओळ चार्टच्या आधी लिही. शेवटी लिहिलेली ओळ तपासणाऱ्याच्या नजरेला पडायच्या आत त्याचा लाल पेन फिरलेला असतो.

खारघरची पोर

अपडेट: पेपर मिळाले. मॉडेल आन्सरमध्ये ४.५ आहे. मला दहापैकी सहा, मैत्रीण क्र. १ ला दहा, क्र. २ ला पाच. म्हणजे सुसंगत चार्ट आणि हजेरीपट यांत फरक फक्त एका मार्काचा! सरांना रांग काढून दाखवली. ते म्हणाले, ‘तुझंही धरता येईल, एचओडींना विचारतो.’ अजून उत्तर नाही.

घोडबंदर

मुली, निविदेत एक कलम संदिग्ध राहिलं की आम्ही प्री-बिड मीटिंगला विचारून घेतो. पेपरच्या पहिल्या पाच मिनिटांत हात वर करून सरांना का नाही विचारलं?

खारघरची पोर

काका, सुपरवायझर मेकॅनिकलचे होते :) ते म्हणाले, प्रश्नात आहे तेवढंच लिहा.

तुर्भे डेपो

−३ सुटलं, आभार. आता कॉन्टेक्स्ट स्विच १ युनिट असं दिलेला प्रश्न आलाय. याच आकड्यांवर करून बघितलं, नवीन आधी धरून. दोन डब्यांच्या मध्ये एक-एक युनिटची फट ठेवली. चार्ट १७ ला संपतो, टर्नअराउंडची सरासरी ११.२५ आणि वेटिंग ८.५. मूळच्या बरोबर दुप्पट आलं, म्हणून शंका आली.

बेलापूर सिस्टीम्स

दुप्पट हा योगायोग. सात डबे, मध्ये सहा फटी, ११ अधिक ६ म्हणजे १७, शेवट बरोबर आहे. एक गंमत बघ, आता P2 ३ ते ५ चालते, म्हणून ४ ला येणारी P4 कापावर पडतच नाही. तिथली टाय गेली. २ ची मात्र राहिली.

पण ८.५ मध्ये फटींचा वेळ वेटिंग म्हणून मोजला गेलाय. शेवटच्या P1 च्या आधीची फट घे, १५ ते १६. P1 तिथे रांगेत उभी आहे की सीपीयू तिच्यासाठीच तयारी करतोय? मी तो वेळ वेटिंगमध्ये धरणार नाही, ओव्हरहेड म्हणून वेगळा दाखवेन.

नौपाडा मास्तर

परीक्षेत WT = TAT − BT, त्यामुळे फट आपोआप वेटिंगमध्ये जाते. ८.५ च लिहायचं. वेगळा दाखवलात तर तपासणारा कोड्यात पडेल.

बेलापूर सिस्टीम्स

तपासणारा कोड्यात पडेल म्हणून व्याख्या बदलायची?

वाशीहून गेट

त्याआधी मला एक सांगा, २ ला उतरलेली P1 रांगेत २ ला उभी राहते की स्विच संपल्यावर ३ ला? ३ ला असेल तर २ ची टायसुद्धा गेली की.